दोनशेचं नेट, लॅपटॉपवर अडतीस

नाना (बी-४०३): नमस्कार मंडळी. नेटवाल्याची तक्रार कुठे करायची, कोणी सांगेल का? प्लॅन २०० एमबीपीएसचा, पैसे वर्षाचे आगाऊ भरलेत. काल मुलगा आला होता कंपनीचा. राउटरच्या शेजारी उभं राहून स्वतःच्या मोबाइलवर कंपनीचंच पान उघडलं, १९७ दाखवलं, सही घेतली आणि गेला. नंतर मी लॅपटॉपवर दुसऱ्या साइटवर टेस्ट घेतली तर ३८! माझ्या फोनवर १७१. तीन ठिकाणी तीन आकडे. धडधडीत फसवणूक आहे ही.

ए-३०४: नाना, कंपनीच्या पानावर कंपनीचाच आकडा येणार. आपल्याच पोराचा पेपर आपणच तपासायचा, असं आहे ते 😄

काकू (ए-१०१): आमच्याकडेही तसंच. मी तर बघणंच सोडून दिलंय.

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० ते १२ पाणी बंद. टाकी साफ होणार आहे. कृपया नोंद घ्यावी.

सी-५०२: नाना, तक्रार करायच्या आधी एक काम करा. त्या मुलाचं कंपनीचं पान तुमच्या लॅपटॉपवर उघडा आणि किती येतं ते सांगा. तुमच्या हिशेबात एका वेळी दोन गोष्टी बदलल्या आहेत, डबाही वेगळा आणि पानही वेगळं. त्यामुळे दोष कोणाच्या माथी मारायचा ते कळत नाही.

नाना (बी-४०३): थांब, बघतो.

नाना (बी-४०३): ३९. म्हणजे कंपनीचं पानसुद्धा लॅपटॉपवर ३९च सांगतंय? हे कसं काय?

सी-५०२: म्हणजे लॅपटॉपवरचं पाणी घरातल्या घरातच अडलंय. कंपनीचा सर्व्हर कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यात असतो, त्या टेस्टला बाहेर पडावंच लागत नाही. इतक्या जवळच्या सर्व्हरपर्यंतही तुम्हाला ३९च मिळत असतील, तर अडचण राउटर आणि लॅपटॉप यांच्या मधे आहे. पुढचं नंतर बघू. विंडोज आहे ना? स्टार्टमध्ये cmd टाइप करा, काळी खिडकी उघडेल. त्यात हे लिहून एंटर मारा:

```
netsh wlan show interfaces
```

नाना (बी-४०३): भलीमोठी यादी आली गं. त्यातलं नेमकं काय बघू?

सी-५०२: Radio type, Channel आणि Receive rate या तीनच ओळी.

नाना (बी-४०३):

```
Radio type             : 802.11n
Channel                : 6
Receive rate (Mbps)    : 72.2
```

सी-५०२: सापडलं. चॅनेल ६ म्हणजे लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर आहे. आणि ७२.२ हा लॅपटॉप आणि राउटर यांच्यात या क्षणी ठरलेला वेग आहे. फायबरमधून दोनशे येवोत नाहीतर हजार, हवेतून ७२च्या वर काही जाणार नाही.

नाना (बी-४०३): बरं, मग ७२ तरी यायला हवेत. ३८ कसे?

सी-५०२: तो ७२ कागदावरचा. वायफायमध्ये एका वेळी एकानेच बोलायचं असतं. राउटर बोलला की लॅपटॉप "मिळालं" म्हणून पोच देतो, मग पुन्हा राउटर. मधे इतर कोणी बोलत असेल तर त्याचं होईपर्यंत गप्प बसायचं. या सगळ्यात बराच वेळ जातो. घरात दुसरं कोणी वापरत नसलं तरी ७२च्या जोडणीवर पंचेचाळीसच्या आसपास हाती लागले तर चांगलं म्हणायचं. त्यात २.४ वर एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११. आपल्या एका विंगमध्ये वीस राउटर. म्हणजे तुमच्या चॅनेलवर वरचे, खालचे, समोरचे सगळेच रांगेत उभे.

ए-३०४: नाना, वायफायच्या यादीत तुमच्याच नावापुढे _5G लावलेलं दुसरं नाव दिसत असेल. ते जोडा, मोकळे व्हाल.

नाना (बी-४०३): फोनवर दिसतं ते. पण माझं रिचार्ज ५जीचं नाही, म्हणून मी त्याला हात लावला नव्हता. फोन तुझ्या काकूने जोडून दिलाय, तो बहुतेक त्यावरच आहे.

सी-५०२: 😀 नाना, त्याचा मोबाइलच्या ५जीशी काहीएक संबंध नाही. ते ५ गिगाहर्ट्झचं वायफाय आहे, रिचार्ज लागत नाही. नावं देणाऱ्यांनी गोंधळ घातलाय, तुमची चूक नाही. फोनवर १७१ आले ते त्याच्यामुळेच. टेस्ट कुठे बसून घेतली होती?

नाना (बी-४०३): बेडरूममध्ये. राउटर हॉलमध्ये.

सी-५०२: म्हणजे मधे भिंत आहे. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतं, पण भिंतीपलीकडे लवकर मान टाकतं. तो मुलगा राउटरच्या शेजारी उभा राहिला ते उगीच नाही. हॉलमध्ये येऊन बघा, तुमच्या फोनवरही वाढेल.

नाना (बी-४०३): वाढलं. १९२. पण लॅपटॉपच्या यादीत ते _5G नाव येतच नाही. साधंच नाव दिसतं.

सी-५०२: शंका होतीच. आता हे टाका:

```
netsh wlan show drivers
```

त्यात Radio types supported ची ओळ शोधा.

नाना (बी-४०३): 802.11n 802.11g 802.11b

सी-५०२: त्यात a, ac, ax यांपैकी काहीच नाही. म्हणजे या लॅपटॉपच्या वायफायला ५ गिगाहर्ट्झ ऐकूच येत नाही. कंपनी बदला, प्लॅन पाचशेचा करा, आकडा चाळिशीतच राहणार. बाजारात यूएसबीला लावायचा छोटा अडॅप्टर मिळतो, घेताना ५ गिगाहर्ट्झ चालतो ना एवढं विचारा. पण आधी केबलने जोडून बघा, फुकटात काम होतंय.

नाना (बी-४०३): जुन्या केबलवाल्याने दिलेली वायर आहे कपाटात. संध्याकाळी लावतो.

काकू (ए-१०१): टाकी साफ होणार म्हणजे दोन्ही टाक्या की एकच?

सेक्रेटरी: दोन्ही. सकाळी लवकर भरून ठेवा.

नाना (बी-४०३): लावली केबल. वायफाय बंद करून टेस्ट घेतली. कंपनीच्या पानावर ९४. दुसऱ्या साइटवर ९४. पुन्हा घेतली, पुन्हा ९४. आता तर नक्की कंपनीने शंभरावर अडवलंय!

सी-५०२: कंपनीने अडवलं असतं तर फोनवर १९२ आले नसते. ९४ हा फार बोलका आकडा आहे. वायफायचा आकडा दर वेळी थोडा हलतो, हा हलत नाही. शंभरच्या वायरवर बरोबर ९४-९५च दिसतात, कारण प्रत्येक पाकिटावर पत्त्याबित्त्याची चिठ्ठी असते आणि पाच-सहा टक्के जागा तीच खाते. सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग इथरनेट. तिथे Link speed बघा.

नाना (बी-४०३): 100/100 (Mbps)

सी-५०२: आता एक तर लॅपटॉपचं पोर्ट शंभरचं आहे, नाहीतर केबल. केबलचं टोक उजेडात धरा. प्लॅस्टिकची पिन पारदर्शक असते, आत रंगीत तारा दिसतील. किती आहेत ते मोजा.

नाना (बी-४०३): चष्मा लावून मोजल्या. केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, हिरवी. चार. बाकीच्या खाचा रिकाम्या.

सी-५०२: झालं तर मग. शंभर एमबीपीएसला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. चारच असल्या की दोन्हीकडची यंत्रं निमूटपणे शंभरावर उतरतात, ना कुठे लाल दिवा, ना सूचना. जुन्या वीस-तीसच्या प्लॅनच्या काळात चार तारांत भागत होतं. ए-३०४, तुझ्याकडे आठ तारांची आहे का रे?

ए-३०४: कॅट ६ आहे, आणून देतो. नाना, चहा टाका.

नाना (बी-४०३): लावली. 1000/1000 दाखवतंय. कंपनीच्या पानावर १९६, दुसऱ्या साइटवर मुंबईचा सर्व्हर होता तिथे १९४. हात जोडले. म्हणजे मी उगीच त्या पोराच्या नावाने बोटं मोडली.

सी-५०२: तसं पूर्ण उगीच नाही. त्याने दाखवलेले १९७ खरे, पण ते कंपनीच्या दारापर्यंतचे. तुमचं रोजचं काम दाराबाहेरच असतं. आज रात्री साडेनऊला, सगळे नेटवर असतात तेव्हा, याच केबलवर तीन टेस्ट घ्या. कंपनीचं पान, मग speedtest.net वर सर्व्हर स्वतः बदलून आधी मुंबई आणि मग फ्रँकफर्ट. ती साइट आपोआप जवळचा सर्व्हर निवडते आणि तो पुष्कळदा कुठल्या तरी नेट कंपनीनेच बसवलेला असतो, कधीकधी तुमच्याच. म्हणून नाव वाचून निवडा.

काकू (ए-१०१): फ्रँकफर्ट कशाला? नानांचा मुलगा तिकडे आहे म्हणून?

सी-५०२: हो काकू, त्यांचं रोजचं बोलणं तिकडेच असतं ना.

नाना (बी-४०३): रात्रीचे आकडे. कंपनी १९५. मुंबई १८९. फ्रँकफर्ट ६२. पिंग का काय ते १५० च्या पुढे. आता बोल!

सी-५०२: आता बोलायला जागा आहे, पण जपून. एवढ्या लांब पाठवलेल्या पाकिटाची पोच परत यायला दीडशे मिलिसेकंद लागतात. वाटेत एखादं गळलं की पाठवणारा वेग कमी करतो आणि पुन्हा हळूहळू चढवतो. मुंबईसाठी हे चढणं झटपट होतं, फ्रँकफर्टसाठी रेंगाळतं. त्यामुळे लांबचा आकडा थोडा कमी यायचाच, त्यात कंपनीचा दोष नाही. हीच टेस्ट सकाळी सहाला पुन्हा घ्या. सकाळी दीडशे आणि रात्री बासष्ट, असं तीन-चार दिवस दिसलं, तर रात्री बाहेरच्या वाटेवर गर्दी होतेय असं म्हणता येईल. तक्रारीत तेच लिहायचं. केबलवर घेतलं, सर्व्हर हाच होता, वेळ ही होती, सोबत दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट. "लॅपटॉपवर ३८ येतात" लिहिलंत तर ते तुमचं वायफाय दाखवतील आणि फाइल बंद करतील.

नाना (बी-४०३): आणि व्हिडिओ कॉल अडकतो तो या बासष्टमुळे?

सी-५०२: नाही. कॉलला चार-पाच एमबीपीएस भरपूर झाले. तुमचा अडकत होता तो बहुधा लॅपटॉपच्या २.४ वरच्या गर्दीने. आता केबलवर करून बघा.

नाना (बी-४०३): रविवारी केला. तासभर बोललो, एकदाही चेहरा गोठला नाही. फक्त वायर हॉलमधून आडवी गेल्येय, त्यावरून घरात वेगळी तक्रार सुरू आहे.

ए-३०४: नानांचं बघून मी माझा टीव्ही तपासला. वायफायवर घेत होतो तेव्हा १६० यायचे. जास्त वेग मिळेल म्हणून मागच्या महिन्यात भिंत फोडून केबल टाकली, तेव्हापासून ९३. तारा मोजल्या, आठ आहेत.

सी-५०२: टीव्हीचं पोर्टच शंभरचं असणार. बऱ्याच टीव्हींना अजून तेच देतात.

ए-३०४: 🤦 भिंतीचे प्लास्टरवाल्याने अडीच हजार घेतले.

नाना (बी-४०३): ती केबल काढलीस तर मला दे. तुझी परत करायची राहिलीय.