कन्सोलचा नेटवर्क एरर कोड: तुम्ही नक्की काय शोधलंत? (अनुभव धागा)

गेल्या महिन्यात भाच्याच्या स्विचवर मारिओ कार्टची ऑनलाइन रेस सुरू होता होता 2618-0516 यायचा. मी 'स्विच इंटरनेट चालत नाही' असं शोधत तीन संध्याकाळी घालवल्या. राउटर बंद-चालू केला, पासवर्ड बदलला, काहीच फरक नाही. मग लक्षात आलं की ईशॉप उघडतंय, अपडेटही उतरतंय. म्हणजे इंटरनेट आहे, अडतंय दुसरीकडेच. तुमच्याकडे कुठला कोड आला आणि तो कसा सुटला, ते लिहा.

खटपट्या
कोडचे पहिले चार आकडे म्हणजे घराणं. 2110 ने सुरू होणारे बहुतेक वायफाय किंवा नेट जोडण्याच्या पायरीवरचे. 2618 वाले खेळाडू एकमेकांशी जोडताना येतात. ही रेस खेळाडूंच्या कन्सोलमध्ये थेट जुळते, त्यामुळे डाउनलोड नीट चाललं तरी खेळ अडतो. System Settings > Internet > Test Connection मध्ये NAT Type बघा, बाहेरच्या कन्सोलशी थेट जोडणी किती मोकळी आहे ते त्यात कळतं: A, B चांगले, D म्हणजे अडलेलं. काय येतंय?

धागाकर्ता
D.

खटपट्या
मग शोधताना 'इंटरनेट चालत नाही' टाकू नका. अख्खा कोड अवतरणचिन्हांत आणि पुढे NAT, एवढंच:

```
"2618-0516" NAT double router
```

आता राउटरच्या पानावर WAN IP, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. 192.168 ने सुरू होत असेल तर तुमच्या राउटरच्या आधी घरातच दुसरा राउटर बसलाय. 100.64 ते 100.127 मधलं असेल तर एकच पत्ता इंटरनेट कंपनीने अनेक गिऱ्हाइकांत वाटलाय. मग घरी कितीही पोर्ट उघडा, दार पुढच्या गल्लीत बंद.

नाशिककर_दादा
मी पीएस4 वाला. NW आलं की राउटर रिसेट करायचा, विषय संपला. माझा NW-31297-2 असाच गेला.

खटपट्या
दादा, तो कोड वायफायचा पासवर्ड चुकल्याचा. रिसेट केल्यावर तुम्ही पासवर्ड नव्याने टाकलात, म्हणून गेला. NW म्हणजे तुमच्या बाजूचं नेटवर्क, इथवर तुमचं बरोबर. पण WS ने सुरू होणारे पीएसएनच्या बाजूचे. तिथे राउटरला हात लावण्याआधी त्यांचं स्टेटस पान उघडा. सर्व्हर बंद असेल तर गप चहा प्यायचा.

नाशिककर_दादा
तरी रिसेटनेच गेला ना! 😄

कोडवाली_ताई
मला कन्सोलमध्ये रोज ERR_NAME_NOT_RESOLVED दिसतो, क्रोममध्ये F12 दाबल्यावर. त्याचं घराणं कुठलं?

धागाकर्ता
ताई, हा गेमिंग कन्सोलचा धागा आहे हो.

खटपट्या
असू दे, दुखणं जवळचंच आहे. एक्सबॉक्सवर त्याच रोगाला 0x80072EE7 म्हणतात. मागचे चार अक्षरांक 2EE7 कॅल्क्युलेटरच्या प्रोग्रामर मोडमध्ये HEX मधून DEC करा, 12007 येतं. विंडोजच्या यादीत 12007 म्हणजे सर्व्हरच्या नावाचा पत्ता सापडला नाही. 2EE2 चे 12002, वाट बघून वेळ संपली. 2EFD चे 12029, सर्व्हरशी जोडणी झाली नाही. एक्सबॉक्सच्या नावाने उत्तर सापडलं नाही तर हा आकडा शोधा, विंडोजवाल्यांनी तेच भोगलेलं असतं.

रात्रपाळी
माझा 2EE7 डीएनएस 8.8.8.8 टाकल्यावर गेला. तेव्हापासून सगळ्यांना तेच सांगतो.

खटपट्या
नाव सापडत नसेल तेव्हा ते औषध चालतं. 2618-0516 ला डीएनएस बदलून उपयोग नाही, तिथे नाव आधीच सापडलेलं असतं.

धागाकर्ता
तपासलं. माझ्या राउटरवर WAN 192.168.1.5. कंपनीने दिलेल्या डब्यात लॉगिन केलं, तिथे 100.71 ने सुरू. म्हणजे दोन्ही आजार! आधी माझा राउटर access point मोडवर टाकला. NAT Type तरी D च. मग कंपनीला फोन केला. पहिल्या मुलीने "सर, राउटर रिस्टार्ट करा" सांगितलं, दुसऱ्याने स्टॅटिक आयपीचा अर्ज घेतला, वेगळे पैसे लावून. तो चालू झाल्यावर डब्यातच पोर्ट आपोआप उघडणारं UPnP सुरू केलं, B आला. भाचा काल रात्री सलग सहा रेस हरला, पण कोड एकदाही नाही.

हॉस्टेलवासी
माझाही 2618-0516. राउटर वॉर्डनच्या खोलीत, कुलूपबंद. करू काय?

रात्रपाळी
मोबाइलचा हॉटस्पॉट लाव.

खटपट्या
लावून बघ, पण मोबाइलवरही बऱ्याचदा वाटलेलाच पत्ता असतो. हॉटस्पॉटवर NAT Type काय येतो ते आधी सांग.

हॉस्टेलवासी
C येतोय. दोघे मित्र जोडले गेले, तिसरा नाही.

खटपट्या
तिसऱ्याचा टाइप विचार. दोष त्याच्याकडचाही असू शकतो.

हॉस्टेलवासी
तो झोपलाय. उद्या विचारतो.