भीमेच्या उपनद्या : ॲनिमेशन बघून की पुस्तक वाचून?

रोहन, सोलापूर : राज्यसेवा पूर्वची तयारी करतोय. चित्र डोळ्यांत बसतं, वाचलेलं टिकत नाही. भूगोल फक्त दोन-दोन मिनिटांच्या ॲनिमेशनवर केला तर चालेल का?

वैशाली : नदीप्रणालीला नक्की चालेल. भीमाच घ्या. नदी आग्नेयेकडे वाहते, म्हणून नीरा आणि माण नकाशात डाव्या हाताला दिसतात. मुलं बिनधास्त ‘डाव्या तीराच्या’ लिहून मोकळी होतात. तीर ठरतो तो प्रवाहाच्या दिशेला तोंड करून, त्यामुळे त्या दोन्ही उजव्या तीराच्या आणि सीना डाव्या तीराची. वाहता बाण दाखवणारं ॲनिमेशन असेल तर ही चूक लगेच सुटते. परिच्छेद वाचून हे डोक्यात फिरवायला वेळ लागतो.

सुहास : पटत नाही. व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी कोरा नकाशा दिला की हात थांबतो. कारण सगळ्या उपनद्या एकदम उजळतात, क्रम लक्षात राहतच नाही. आणि ‘चित्रवाले’, ‘वाचनवाले’ असे विद्यार्थ्यांचे गट पाडून तसं शिकवल्याने फायदा होतो, याला पुरेसा पुरावा नाही, असं 2008 मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी आढावा घेऊन मांडलं होतं. पुस्तकच वाचा.

वैशाली : गटांबद्दल बरोबर, पण त्यावरून चित्र टाकून द्यायचं हे निघत नाही. नकाशाचा विषय नकाशानेच शिकावा, विद्यार्थी कुठल्याही गटातला असो. हात थांबतो तो बघून झाल्यावर काढलं नाही म्हणून. व्हिडिओ एकदा पूर्ण बघा, बंद करा, कोऱ्या कागदावर भीमा काढा. मग वरून खाली क्रमाने : उजनी धरण, नरसिंहपूरला नीरा, पंढरपूर, सरकोलीजवळ माण, कुडलला सीना. चुकलेलं लाल पेनाने दुरुस्त करा. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा न बघता काढा. लाल खुणा एकाच जागी येत राहिल्या तर तेवढाच तुकडा बघा, अख्खा व्हिडिओ नको.

पूजा, बार्शी : मला राज्यघटनेची कलमं पाठ करायची आहेत, त्याचे असे व्हिडिओ आहेत का?

वैशाली : कलमांना चित्राचा आधार तुटपुंजा. विधेयक कुठून कुठे जातं याचा प्रवाहतक्ता उपयोगी पडतो, पण कलमातला ‘परंतु’ नंतरचा अपवाद चित्रात हमखास गळतो. तिथे मूळ मजकूरच वाचा.

सुहास : कोरा कागद मान्य. पण मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे. तिथे नकाशा काढून भागणार नाही, उजनीच्या पाण्यावर वाक्यं लिहावी लागतील, आणि ती वाचनाशिवाय येत नाहीत.

रोहन : मग नकाशाच्या बाजूला चार ओळी लिहायच्या, की त्याची वेगळी वही करायची?

वैशाली : त्याच पानावर, नकाशाला लागून. नाव एका पानावर आणि नदी दुसऱ्यावर असली की नजर इकडून तिकडे धावते आणि जोडणी तुटते.

सुहास : मी वेगळी वही म्हणेन. चार ओळींत मुख्यचं उत्तर मावत नाही.