ग्योथे बी-१: चार भाग, चार वेगळ्या तयाऱ्या (अनुभव धागा)

जर्मनच्या ग्योथे बी-१ परीक्षेत वाचन, ऐकणं, लेखन आणि बोलणं हे चार स्वतंत्र भाग असतात. प्रत्येक भाग १०० गुणांचा, प्रत्येकात किमान ६० हवेत. वाचनात ९५ मिळाले म्हणून ऐकण्यातले ५५ तरून जात नाहीत. तरी बहुतेकांचं वेळापत्रक 'सोमवारी वाचन, मंगळवारी ऐकणं' असं सारख्या वाटणीचं असतं. आठ आठवडे आणि रोज दीड तास हाताशी असेल तर तो कुठे घालवावा? परीक्षा दिलेल्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी नेमकं लिहावं, ही विनंती.

मुक्ता_के

वाटणी करण्याआधी एक नमुना संच घड्याळ लावून सोडवा. संस्थेच्या साइटवर ऐकण्याच्या फायलींसकट तो मोफत मिळतो. नुसते एकूण गुण बघून थांबू नका, उपभागांचे आकडे वेगळे काढा.

समजा, ऐकण्यात ३० पैकी १७ उत्तरं बरोबर आली. म्हणजे ५७ गुण, एका प्रश्नाने नापास. उपभाग असे: पहिल्यात १० पैकी ८, दुसऱ्यात ५ पैकी २, तिसऱ्यात ७ पैकी ३, चौथ्यात ८ पैकी ४. पहिला आणि चौथा दोनदा ऐकवतात, दुसरा आणि तिसरा एकदाच. या विद्यार्थ्याचा कान वाईट नाही, पहिल्या उपभागात ते दिसतंच. एकदाच ऐकून ठरवायची वेळ आली की त्याचं गणित चुकतं. चौथ्यात तिघं बोलतात आणि कोणतं मत कुणाचं ते ओळखायचं असतं, तिथली गफलत आवाजांची. दोन्हींवर 'अजून ऐकत जा' हे औषध नाही.

तिसऱ्या उपभागाचा सराव असा करा. आधी विधानं वाचा आणि ज्या शब्दामुळे विधान खरं-खोटं होईल तेवढ्याच शब्दाखाली रेघ मारा. मग एकदाच ऐकून उत्तरं द्या. त्यानंतर संहिता समोर ठेवून पुन्हा ऐका आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: शब्दच माहीत नव्हता, शब्द माहीत होता पण कानाला ओळखू आला नाही, की ऐकलं नीट पण फसलो.

फसणं बहुतेक वेळा एकाच प्रकारचं असतं. बाई म्हणते, "आयगेंटलिश आम्ही ट्रेनने जाणार होतो, आबर भावाने गाडीतून नेलं." विधान असतं: 'ती ट्रेनने गेली.' 'ट्रेन' ऐकू आल्याबरोबर हात 'बरोबर'वर खूण करतो. आयगेंटलिश म्हणजे 'खरं तर' हे सगळ्यांना पाठ असतं, पण हा शब्द आला की पुढे 'आबर' येण्याचा संभव मोठा, म्हणून थांबायचं, हे कानाला शिकवावं लागतं.

अशा विद्यार्थ्याला, वाचन ८० वर असेल तर, पहिले चार आठवडे रोज ४० मिनिटं ऐकणं, ३० मिनिटं लेखन, २० मिनिटं बोलणं. वाचनाचा आठवड्यातून एक संच पुरे.

रोहन_८८

एवढं चिरफाड करायची गरज नाही. रोज जर्मन मालिका सबटायटल लावून बघा, कान आपोआप तयार होतो. परीक्षेत उत्तर येत नसेल तर जागा रिकामी सोडा, उगाच गुण कापले जातात.

मुक्ता_के

रोहन, गुण कापत नाहीत. रिकामी सोडलेली जागा म्हणजे हातची संधी घालवणं. ऐकण्याच्या कागदी परीक्षेत उत्तरं उत्तरपत्रिकेवर उतरवायला शेवटी पाच मिनिटं मिळतात, तेव्हा एकही चौकट कोरी ठेवू नका. वाचनात मात्र वेगळा वेळ नसतो, ६५ मिनिटांतच उतरवायचं. मालिकांनी बोलीचा वेग अंगवळणी पडतो, हे तुमचं बरोबर. पण सबटायटल असली की डोळे वाचतात आणि कान सुट्टी घेतात. तोच प्रसंग आधी सबटायटलशिवाय बघा, मग लावून.

शाल्मली

माझी ए-१ आहे, नवऱ्याकडे जायच्या व्हिसासाठी. माझं बोलणं कच्चं आहे. तेवढाच भाग नंतर दिला तर चालेल का?

देशपांडे_सर

शाल्मलीताई, ए-१ मध्ये भाग सुटे देता येत नाहीत आणि एकूण १०० पैकी ६० लागतात. बोलण्यात गेलेले गुण लेखनात भरून निघू शकतात, त्यामुळे तुमची आखणी वेगळी. हा धागा बी-१ चा आहे.

लेखनाबद्दल लिहितो, कारण वह्या तपासताना तिथेच जीव तुटतो. ६० मिनिटांत तीन मजकूर: मित्राला मेल (सुमारे ८० शब्द), एखाद्या विषयावर मत (८०), आणि औपचारिक छोटी मेल (४०). गुण ४०, ४० आणि २०. साधारण २०, २५ आणि १५ मिनिटं अशी वाटणी ठेवा. मुद्दे हाताळलेच नाहीत किंवा मजकूर फारच तोकडा राहिला, तर व्याकरण कितीही शुद्ध असो, त्या मजकुराला शून्य मिळू शकतं. म्हणून लिहिण्याआधी प्रश्नातल्या प्रत्येक मुद्द्यापुढे आकडा टाका आणि लिहून झाल्यावर तोच आकडा समासात.

मराठी मुलांची ठरलेली चूक वाक्यरचनेची. 'वाइल'नंतर क्रियापद शेवटी जातं, ते आपल्याला सहज जमतं, कारण 'कारण मी आजारी आहे' यातही ते शेवटीच आहे. पण वाक्य 'गेस्टर्न'ने सुरू झालं की क्रियापद लगेच दुसऱ्या जागी हवं: 'गेस्टर्न बिन इश...'. आपली मुलं 'काल मी'च्या चालीवर 'गेस्टर्न इश बिन' लिहितात. आठवडाभर रोज दहा वाक्यं फक्त काळाच्या शब्दाने सुरू करून लिहा, हात वळतो. आणि तिसऱ्या मेलमध्ये 'झी' वापरा. शिक्षिकेला 'डू' म्हणणं हे सरांना 'अरे तू' म्हणण्यासारखंच आहे.

अनघा जो.

बोलण्याच्या तयारीला १५ मिनिटं मिळतात आणि लोक ती सगळी सादरीकरणावर खर्च करतात. मग जोडीदाराबरोबर काहीतरी ठरवायचा पहिला भाग आला की "या, गूट" यापलीकडे गाडी जात नाही. पाच मिनिटं त्या भागाला ठेवा: कधी, कुठे, कोण काय आणणार, आणि जोडीदार नको म्हणाला तर दुसरा पर्याय काय. सादरीकरणाच्या पाच पायऱ्यांना प्रत्येकी दोन-तीनच शब्दांची टिपणं. पूर्ण वाक्यं लिहिली की नजर कागदावरून हलत नाही आणि वाचून दाखवलेलं परीक्षकांना लगेच कळतं. घरी रेकॉर्ड करून ऐका. जोडीदाराशिवायचा सराव अर्धाच, असं माझं मत.

रोहन_८८

गुण कापत नाहीत हे माहीत नव्हतं, आभार. मग चारही भाग एका दिवशी द्यावेत, की ऐकणं महिनाभराने?

देशपांडे_सर

एका दिवशीच द्या. सुटे करत बसलं की आधीचा भाग विसरत जातो.

मुक्ता_के

सर, इथे मी सहमत नाही. चारही एकत्र द्यायचे तर चारही ६० च्या वर असल्याचं दोन वेगळ्या नमुना संचांत दिसायला हवं. ऐकणं ५७ वरच अडकलं असेल तर तेवढं मागे ठेवलेलं बरं. मात्र प्रमाणपत्र जिथे द्यायचं त्या कार्यालयाला सुट्या भागांची प्रमाणपत्रं चालतात का, हे फी भरण्याआधी विचारा.