मदत हवी आहे: नवीन लोकांना मेसेज जाईना, रविवारी मेळावा आहे

मेळावा_समिती: कालपासून नवीन कुणालाही मेसेज जात नाही. नंबर बंद केलाय म्हणे. आम्ही फसवणूक करत नाही, समाजाचं काम आहे. रविवारी वधू-वर मेळावा आहे आणि निम्म्या लोकांना निरोप गेलेला नाही. कसं उघडायचं ते लवकर सांगा.

बाभळीचा_काटा: दुसरं सिम घ्या. दहा मिनिटांचं काम.

नेटकर_नाना: सिम नंतर बघू. व्हॉट्सअ‍ॅपच ना? स्क्रीनवर नेमकं काय आलंय? उलटी वेळ चाललेली दिसते का? जुन्या लोकांना उत्तर देता येतं का?

मेळावा_समिती: हो, तेच. वेळ दिसते. जुन्यांशी बोलता येतं, ग्रुपही चालू आहेत. नवीन चॅट तेवढी उघडत नाही.

नेटकर_नाना: मग नंबर बंद झालेला नाही, तात्पुरता निर्बंध आहे. वेळ संपली की आपोआप उठेल. अ‍ॅप काढून पुन्हा टाकण्यात अर्थ नाही, निर्बंध नंबरावर असतो. कायमचा बंद झाला असता तर चॅट उघडल्याच नसत्या; तेव्हा Request a review दाबून फेरतपासणी मागायची असते. आता सांगा, आदल्या दिवशी काय केलंत?

शेवंताबाई: माझ्या पुतणीचा बायोडेटा द्यायचाय. वय 29, बीएस्सी, नाशिक. कुठे पाठवू?

पाचचा_नियम: पाचपेक्षा जास्त जणांना फॉरवर्ड केलं की नंबर जातो. 2018 पासून भारतात तो नियम आहे.

नेटकर_नाना: नियम आहे, पण त्याने नंबर जात नाही. एका वेळी पाचच चॅट निवडता येतात, सहावी अ‍ॅपच घेत नाही. बऱ्याचदा फिरून आलेला, दोन बाणांचा मेसेज तर एका वेळी एकाच चॅटला जातो. नंबरावर निर्बंध येतो तो वेगळ्या कारणाने.

मेळावा_समिती: विशेष काही केलं नाही. जिल्हावार ग्रुप केले, त्यात गेल्या वर्षीच्या परिचय पुस्तिकेतले नंबर टाकले. बाकीच्यांना आमंत्रण पाठवलं.

नेटकर_नाना: हाताने एकेकाला पाठवलंत?

मेळावा_समिती: नाही हो, एवढा वेळ कुणाकडे आहे! क्रोममध्ये एक एक्स्टेन्शन आहे, एक्सेलची शीट दिली की आपोआप पाठवतं. पुतण्याने लावून दिलं.

नेटकर_नाना: हे आधी सांगायचं ना! व्हॉट्सअ‍ॅपच्या अटींत असं यंत्राने पाठवणं बसत नाही. Linked devices मध्ये जाऊन तो कॉम्प्युटर लॉग आउट करा, नाहीतर वेळ संपल्यावर तेच पुन्हा होईल. नवीन सिमवर तोच प्रकार केलात तर तोही नंबर जाईल.

बाभळीचा_काटा: ते आपले मेसेज वाचतात, सरळ सांगा की. 'लग्न' शब्द दिसला की झालं.

नेटकर_नाना: मेसेज एन्क्रिप्टेड असतात. पण समोरच्याने रिपोर्ट केलं तर त्या चॅटमधले शेवटचे पाच मेसेज त्यांच्याकडे जातात. त्याशिवाय, अनोळखी नंबरांना एका झटक्यात किती मेसेज गेले आणि कितींनी ब्लॉक केलं, हे कळायला मजकूर वाचावा लागत नाही.

अनघा_ठाणे: रिपोर्ट करणाऱ्यांपैकी मी एक असेन. तुमच्या नाही, अशाच दुसऱ्या मंडळाच्या ग्रुपमध्ये मुलीचा नंबर न विचारता टाकला होता. ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. रात्री अकराला फोन यायला लागले, आणि मुलीचं लग्न तर कधीच ठरलेलं. पुस्तिकेत नंबर दिला म्हणजे ग्रुपला होकार दिला, असं होत नाही. आता घरातल्या सगळ्यांच्या Privacy मध्ये Groups ला My contacts केलंय.

मेळावा_समिती: ताई, आम्ही चांगल्या हेतूने करतो.

अनघा_ठाणे: फोन करणारेही तेच म्हणाले.

पाचचा_नियम: मग ब्रॉडकास्ट लिस्ट करा. 256 जण, आणि कुणालाच कुणाचा नंबर दिसत नाही.

नेटकर_नाना: ते खरं, पण ब्रॉडकास्ट फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो. पुस्तिकेतल्या अनोळखी माणसाने कशाला सेव्ह केला असेल? तारीख, वेळ, हॉलचा पत्ता यासाठी चॅनेल काढा. तिथे सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. चर्चेसाठी ग्रुप हवाच असेल तर लिंक द्या आणि नवीन सदस्याला अ‍ॅडमिनची मंजुरी लागेल असं सेटिंग ठेवा. बायोडेटा मात्र दोन्हीकडे नको. ते मागेल त्याला समितीने एकेकाला द्यावेत.

शेवंताबाई: मी कधीची मागतेय!

मेळावा_समिती: लिंकचं ठीक आहे, पण आमचे निम्मे पालक साठीच्या पुढचे. मुलांनी त्यांना बजावलंय, अनोळखी लिंक दाबायची नाही.

अनघा_ठाणे: बरोबरच बजावलंय. या रविवारसाठी तालुक्याच्या कार्यकर्त्यांना फोन करायला लावा. पुढच्यासाठी प्रवेशिकेवरच एक चौकट छापा, 'व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप चालेल, हो / नाही', आणि नोंदणीच्या टेबलावर ग्रुपचा क्यूआर लावा. समोर माणूस असला की लोक स्कॅन करतात.

बाभळीचा_काटा: आणि त्या क्यूआरचा फोटो कुणी फेसबुकवर टाकला की?

नेटकर_नाना: मेळावा संपला की Reset link दाबा, जुना क्यूआर चालत नाही. मात्र तोवर जे आत आले ते आतच राहतात. त्यांना हातानेच काढावं लागेल, त्याला माझ्याकडेही उपाय नाही.