मदत हवी आहे: मिडहेवन नवव्या स्थानात, मग करिअरचा स्वामी कोण?

मावसबहिणीची पाश्चात्य, म्हणजे सायन, पत्रिका पाहतोय. निरयन उत्तर नको, ते घरातल्या गुरुजींकडून मिळालंय! जन्म एडिंबरा, एप्रिल 1999, दुपारी एकनंतर. स्कॉटलंडच्या जन्मदाखल्यावर वेळ असते, त्यामुळे वेळेबद्दल फारशी शंका नाही.

लग्न सिंह 16 अंश, मिडहेवन मेष 25 अंश आणि रवी जवळजवळ त्यावरच. होल साइनने दशम स्थान वृषभ येतं आणि मिडहेवन नवव्यात पडतं. प्लॅसिडसने मात्र दशम तिथूनच सुरू होतं. शनी वृषभेत 5 अंशांवर, म्हणून दोन्हीकडे दशमातच. शुक्र मिथुनेच्या सुरुवातीला आहे, तो प्लॅसिडसने दशमात आणि होल साइनने अकराव्यात. मंगळ वृश्चिकेत वक्री, दोन्हीकडे चौथ्यात.

वेळ दहा मिनिटं मागेपुढे करून पाहिली. मिडहेवन अडीच अंशांच्या आसपास सरकतं, पण मेष सोडत नाही. म्हणजे घोळ वेळेचा नाही, स्थानपद्धतीचाच आहे.

ती वकिली करते, आता अध्यापनाकडे वळायचा विचार आहे. भाकीत नकोय, वाचनाची पद्धत हवी आहे. मिडहेवन म्हणजे लोकांत दिसणारी प्रतिमा आणि दशम म्हणजे रोजचं काम, असं वेगळं करता येतं हे माहीत आहे, पण ते मला जरा सोयीचं वाटतं.

होल साइन वापरणाऱ्यांनी सांगा: पेशासाठी आधी मिडहेवनचा स्वामी मंगळ धरता की दशमाचा स्वामी शुक्र, आणि दोघांचं म्हणणं जुळलं नाही तर दशमातल्या शनीला किती वजन देता?