प्लास्टिकमुक्त आठवडा: वर्गाचा हिशोब आणि बक्षीस, हवं की नको?

सहावी-ब च्या बाई, सोलापूर
पुढच्या महिन्यात वर्गात प्लास्टिकमुक्त आठवडा घ्यायचा आहे. मधल्या सुट्टीत किती पाकिटं कमी झाली ते रोज फळ्यावर लिहायचं आणि शनिवारी छोटं बक्षीस द्यायचं. पट ४० चा. एक सहकारी म्हणतात, बक्षीस ठेवलं की पोरं लबाडी शिकतात. तुमचं मत काय? आणि 'वाचलेली' पाकिटं मोजायची कशी?

दोन पोरांची आई
माझा विरोध. गेल्या वर्षी धाकट्याच्या शाळेत हेच झालं. रोज रात्री चिप्सचं पाकीट फोडून स्टीलच्या डब्यात ओतायचं, आणि सकाळी डबा दाखवून वहीवर स्टार घ्यायचा. पाकीट कुठं गेलं? आमच्या केराच्या डब्यात. शाळेच्या हिशोबात मात्र ते 'वाचलं'. आठवडा संपला आणि सोमवारी पाकीट परत दप्तरात.

निवृत्त मास्तर
ताईंचं खरं आहे, पण दोष बक्षिसाचा नाही, मोजणीचा आहे. शाळेत न दिसलेलं पाकीट म्हणजे वाचलेलं पाकीट नव्हे. आधी मुळात किती येतात ते कळलं पाहिजे. त्यासाठी अगोदरचा एक आठवडा पोरांना काही न सांगता मोजा. सांगितलंत की पहिल्या आठवड्यात मुद्दाम जास्त आणतील, म्हणजे पुढच्या आठवड्यात घट मोठी दिसेल. मधली सुट्टी संपली की झाडणाऱ्या मावशींना वर्गाचा कचरा वेगळा ठेवायला सांगा, आणि त्यातली पाकिटं तुम्ही स्वतः मोजा.

आता हिशोब. समजा पहिल्या सोमवारी ३८ पोरं हजर आणि ५७ पाकिटं निघाली, म्हणजे डोकी दीड. चॅलेंजच्या शुक्रवारी निघाली २६. फळ्यावर कुणीही लिहील, '३१ वाचली'. पण त्या दिवशी हजर किती? समजा २९. आपल्याकडं काही दिवसांआड नळ येतो, त्या दिवशी पाणी भरायला पोरं घरी थांबतातच. २९ पोरांची जुन्या सवयीनं ४३-४४ पाकिटं झाली असती. म्हणजे खरी घट १७-१८. उरलेली १३-१४ गैरहजर पोरांची. म्हणून फळ्यावर एकूण आकडा लिहूच नका, दर हजर पोरामागं किती तो लिहा. सहावीला दशांश अपूर्णांक शिकवतच असाल, त्याचाही सराव होईल.

किराणावाला, अशोक चौक
मास्तर, गणित झकास, पण मुद्दा भलतीकडं गेला. बंदी आहे ती कॅरीबॅगवर. बिस्किटाच्या पुड्यावर बंदी नाही, मग पोरांच्या मागं का लागता? १२० मायक्रॉनच्या वरची पिशवी तर कायद्यानं चालते. एवढंच असेल तर आम्ही कागदी पिशवी देतो, कागदी कपात चहा देतो. झालं प्लास्टिकमुक्त.

निवृत्त मास्तर
पुड्यावर बंदी नाही, हे बरोबर. १२० मायक्रॉन हा केंद्राचा नियम, ३१ डिसेंबर २०२२ पासूनचा. पण महाराष्ट्रानं २०१८ मध्येच कॅरीबॅग बंद केली, ती जाड असो की पातळ. आणि कागदी कपात चहा झिरपत नाही, कारण आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. एक कप रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी आतला पापुद्रा नखानं सोलून बघा.

गड्ड्याचा पाळणा
काय बे, पाच रुपयांच्या पुड्यावरनं एवढी चर्चा! जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत या, एका रात्रीचा कचरा वर्षभर मोजत बसाल 😄

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड
बाई, कापडी पिशव्या हव्या असतील तर आमच्या कारखान्यात चिंध्या पडून असतात. ४० पिशव्या फुकट शिवून देतो.

सहावी-ब च्या बाई, सोलापूर
मनापासून आभार, दादा. पण आमच्याकडं पिशव्यांचा प्रश्नच नाही, चिप्स-बिस्किटांच्या पाकिटांचा आहे. मास्तर, नगावर मोजू की वजनावर?

निवृत्त मास्तर
नगावरच. चिप्सचं एक पाकीट इतकं हलकं असतं की किराणाच्या काट्यावर नीट कळत नाही. उलट एक पाण्याची बाटली आली की ती कितीतरी पाकिटांइतकी भरते, आणि ज्या दिवशी दोघांनी बाटल्या आणल्या तो दिवस उगाच वाईट दिसतो.

मात्र दोन रकाने करा: भंगारवाला घेतो ते, आणि घेत नाही ते. बाटली, धुतलेली दुधाची पिशवी पहिल्यात. आतून चांदीसारखं चमकणारं पाकीट दुसऱ्यात. पोरांना मुठीत चुरगाळायला लावा. मूठ उघडल्यावर ते हळूहळू फुलत परत मोकळं झालं तर ते प्लास्टिकच, वर धातूचा नुसता मुलामा. खरा फॉइल चुरगाळलेलाच राहतो. हा मुलामा आणि प्लास्टिक वेगळं करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला हात लावत नाही. कमी करायचा आहे तो हाच रकाना.

दोन पोरांची आई
ठीक आहे. पण घरी फोडलेल्या पाकिटाचं काय? त्यावर कुणी बोललंच नाही. आणि बक्षीस पोरागणिक असेल तर माझा विरोध कायम. आमच्या गल्लीत विडी वळणाऱ्या बायका आहेत. सकाळी पाने-तंबाखू घेऊन बसायचं की डबा करायचा? त्या पोराच्या हातावर पाच रुपये ठेवतात. त्या पोराचं नाव फळ्यावर शेवटी लिहिणार का? मोठं पाकीट आणून घरी वाटून खाणं मला परवडतं, तिला नाही.

निवृत्त मास्तर
पोरागणिक बक्षीस नकोच, यात तुम्ही शंभर टक्के बरोबर. बक्षीस वर्गाला, आणि नाव कुणाचंच नको. दुसरं, बक्षिसाला किती आकडा लागतो ते शेवटच्या दिवसापर्यंत लटकत ठेवू नका. शुक्रवारी 'अजून तीन कमी हवीत' म्हटलं की पाकिटं खिशात, दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात, खिडकीच्या गजात जातात. बादली रिकामी आणि मुतारीमागचं गटार भरलेलं दिसलं की समजायचं, आकडा खोटा आहे.

जुना वर्गशिक्षक
मास्तर, मी सहमत नाही. वर्गाला बक्षीस म्हटलं की दहा पोरं कष्ट करतात आणि तीस पोरं आयतं खातात. वर पाकीट आणणाऱ्याला बाकीची पोरंच टोचून मारतात. नाव फळ्यावर नसलं तरी वर्गात सगळ्यांना माहीत असतं. मी दोनदा करून सोडून दिलं.

किराणावाला, अशोक चौक
आणि बक्षीस काय देणार ते सांगा! चॉकलेटं न्यायला दरवर्षी शिक्षक माझ्याकडंच येतात.

सहावी-ब च्या बाई, सोलापूर
😀 ४० चॉकलेटं म्हणजे ४० कागद, मास्तरांच्या हिशोबात शुक्रवारी वाचलेल्या १७ च्या दुपटीहून जास्त. ते बाद. मैदानावर एक जादा तास, किंवा शनिवारचा खेळ वर्गानं निवडायचा, असं ठेवते. पाच रुपयांवाल्या पोरांसाठी शाळेजवळच्या फुटाणेवाल्या मावशींशी बोलणार आहे, त्या कागदाच्या पुडीत शेंगदाणे-फुटाणे देतात. पुडी वहीच्या कागदाची असते, ती मोजायची नाही असं धरते.

घरी फोडलेल्या पाकिटाला माझ्याकडंही उत्तर नाही. घरचा कचरा आणायला सांगणं मला पटत नाही, कोण काय खातं ते सगळ्या वर्गासमोर येईल.

दोन पोरांची आई
मग फळ्यावर 'वाचवली' लिहू नका. 'शाळेत आली नाहीत' एवढंच लिहा.

जुना वर्गशिक्षक
वहीचा कागद चालेल, पण वर्तमानपत्राच्या पुडीत घेऊ देऊ नका, शाई खाण्याला लागते. आणि टोचून मारण्याचं काय करणार, ते अजून कुणी सांगितलं नाही.