पी-व्हॅल्यूच्या एका वाक्यावर वर्ग अडतो, मदत हवी आहे

फळा-खडू: संशोधन पद्धतीच्या वर्गात मी बोल्टच्या कारखान्याचं उदाहरण घेते. लांबी ५० मिमी हवी, यंत्राचं प्रमाण विचलन ०.६ मिमी हे आधीपासून माहीत. ३६ बोल्ट मोजले, सरासरी आली ४९.७९. शून्य परिकल्पना अशी की यंत्र नीट लागलंय. दोन्ही बाजूंची पी-व्हॅल्यू ०.०३६ येते, म्हणून ५ टक्के पातळीवर परिकल्पना नाकारायची. इथवर सगळे बरोबर सोडवतात. पण मग उत्तरात लिहितात, "यंत्र नीट असण्याची शक्यता ३.६ टक्के." हे चूक का, ते त्यांना पटेल असं कसं सांगू?

सरळरेषा: पातळी १ टक्का करा. दोन्ही प्रकारच्या चुका कमी होतील आणि गोंधळही.

मोजपट्टी: आमच्याकडे सरासरी अगदी ५० येऊनही माल परत आला होता. काही बोल्ट ५१ च्या वर निघाले. ही चाचणी काय कामाची?

जुना नमुना: मोजपट्टी, तुमचा प्रश्न प्रत्येक नगाच्या मर्यादेचा आहे. इथे फक्त सरासरी सरकली का, एवढंच तपासतोय.

फळा-खडू, मुलांना सांगा, यंत्र नीटच आहे असं धरा आणि ३६-३६ बोल्टांचे हजार नमुने घेतले असं समजा. त्यांतल्या साधारण ३६ नमुन्यांची सरासरी ५० पासून ०.२१ किंवा त्याहून जास्त दूर जाईल, निव्वळ योगायोगाने. पी-व्हॅल्यू म्हणजे हे ३६. यंत्र नीट आहे हे धरूनच हा आकडा काढला, मग ते नीट असण्याची शक्यता तो कसा सांगेल?

सरळरेषा, नीट यंत्र उगाच बंद करण्याची चूक कमी होईल हे खरं. पण बिघडलेलं यंत्र चालू ठेवण्याची चूक वाढेल. समजा यंत्र खरंच ४९.८ वर सरकलंय. ५ टक्के पातळीवर सरासरी ४९.८०४ च्या खाली गेली तरच आपण यंत्र थांबवतो, म्हणजे ४८ टक्के वेळा बिघाड निसटतो. १ टक्क्याला ती रेषा ४९.७४२ वर जाते आणि ७२ टक्के वेळा निसटतो. दोन्ही चुका एकदम कमी करायच्या तर नमुना वाढवा. १४४ बोल्ट घेतले तर ५ टक्के पातळीवरही बिघाड निसटण्याची शक्यता जेमतेम २ टक्के उरते.

सरळरेषा: हे ७२ मी कधी काढूनच पाहिले नव्हते.

फळा-खडू: हजार नमुन्यांचं उद्याच करून बघते. पण एक मुलगी हटकून विचारणार, "मग यंत्र बिघडलं असण्याची शक्यता किती?"

जुना नमुना: त्यासाठी हे यंत्र एरवी किती वेळा सरकतं ते माहीत हवं. या ३६ बोल्टांत ते नाही. वर्गात तो आकडा कुठून आणायचा, हे मलाही नीट जमलेलं नाही.